टाइप-७ घेतलं आणि हातात ६० हजार उरले: व्यापाराचा मार्ग निवडायचा कसा?

जिरावण · शनिवार, रात्री ११.४०

मंडळी, एलिट डेंजरस या अंतराळातल्या जहाजांच्या खेळात चार महिने झाले. राहायला सुदामानगर, इंदूर. ऑफिसातून घरी यायला आठ वाजतात. जेवण उरकून दहाला बसतो आणि एक-दीडला उठतो. शनिवारी तर विचारूच नका.

टाइप-६ या लहान मालवाहू जहाजात शंभर टन माल भरून पैसे जमवत होतो. मागच्या शनिवारी टाइप-६ विकून सगळे मिळून २ कोटी १० लाख क्रेडिट झाले. टाइप-७ पावणेदोन कोटींच्या आत मिळतं आणि जवळजवळ तिप्पट माल वाहतं, म्हणून डोळे मिटून घेतलं. उरलेल्या ३५ लाखांतले १२ माल ठेवायच्या रॅकमध्ये गेले, १३ लाखांचा माल भरला आणि निघालो माझ्या ठरलेल्या मार्गावर. पोहोचल्यावर उतरायची परवानगी मागितली, तर नकार. मग नकाशात पाहिलं. ते आउटपोस्ट आहे, लहान आणि मध्यम पॅड आहेत, मोठं एकही नाही. चार महिने तिथे रोज उतरत होतो आणि कधी लक्षात आलं नाही, कारण टाइप-६ मध्यम पॅडवर मावतं.

परत फिरलो तर वाटेत एका चाच्याने खेचलं. पळायची खूप धडपड केली, जहाज गरगरलं आणि संपलं. विम्याचे नऊ लाख आणि वर काहीतरी भरले. जहाज परत मिळालं, माल गेला. आता पावणेदोन कोटींचं रिकामं जहाज आहे आणि खिशात ६० हजार. म्हणजे बंगला आहे, पण पोह्यांना पैसे नाहीत.

प्रश्न असे: (१) माझं चुकलं कुठे? (२) मार्ग निवडताना तुम्ही नक्की काय बघता? (३) दोन तासांनंतर मला सगळं कंटाळवाणं वाटायला लागतं, पण उठवतही नाही. त्या रात्री दीड वाजता मी स्टेशनवर आणलेला माल न विकता तोच आणखी विकत घेतला होता. असं तुमचंही होतं का?

---

कमांडर_गराडू · शनिवार, रात्री ११.५८

भिया, सोपं आहे. दर टनामागे नफा किती ते बघायचं, बास. जास्त नफा तो मार्ग चांगला. आणि ताऱ्यापासून लांबचं स्टेशन घ्यायचंच नाही, कारण जाताना तेवढं आणि येतानाही तेवढंच अंतर उडत बसावं लागतं. दुप्पट वेळ जातो.

चाच्याने खेचलं की पळवाट दाखवणाऱ्या निळ्या वर्तुळाच्या मागे जीव तोडून लागायचं. मी दहातून सहा वेळा सुटतो.

---

लोहामंडी · रविवार, सकाळी ९.१५

गराडू, अर्धं बरोबर आहे आणि अर्ध्याने नवा माणूस गाळात जाईल. जरा सविस्तर लिहितो, रविवार आहे.

मी पोटापाण्याला ट्रान्सपोर्टच्या बुकिंगवर बसतो. आमच्याकडे गाडीचा हिशेब टनावर कुणी करत नाही, फेरीवर करतात. मुंबईला गेलेली गाडी किती दिवसांनी परत इंदुरात लागली आणि येताना भरून आली की रिकामी, एवढंच मालक विचारतो. खेळातही तेच आहे. टनामागचा नफा अर्धीच गोष्ट सांगतो, पूर्ण गोष्ट तासामागच्या नफ्यात असते. त्यासाठी मोबाईलवर घड्याळ लावून पूर्ण फेरी मोजायची. स्टेशनवरून सुटल्यापासून परत त्याच स्टेशनवर माल विकून होईपर्यंत.

माझ्या वहीतले दोन मार्ग देतो, टाइप-६ मध्ये शंभर टन धरून.

पहिला मार्ग दिसायला फार सुंदर. जाताना टनामागे १४ हजार, येताना २ हजार. फेरीला १६ लाख. पण मधे एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जायच्या तीन उड्या आणि पलीकडचं स्टेशन ताऱ्यापासून लाखभर प्रकाशसेकंद. जाताना सुटायला एक मिनिट, उड्यांना तीन, ताऱ्यापासून स्टेशनपर्यंतच्या वेगवान प्रवासात म्हणजे सुपरक्रूझमध्ये बारा, उतरायला दोन. अठरा मिनिटं. येताना नऊ. फेरी २७ मिनिटांची, म्हणजे तासाला साधारण ३५ लाख.

दुसरा मार्ग बघून कुणी वाहवा म्हणणार नाही. जाताना ९ हजार, येताना ५ हजार. फेरीला १४ लाखच. पण एकच उडी, आणि दोन्ही स्टेशनं ताऱ्यापासून पाचशे प्रकाशसेकंदांच्या आत. जाताना सात मिनिटं, येताना सात. तासाला ६० लाख.

म्हणजे फेरीमागे दोन लाख कमी मिळूनही तासाला पंचवीस लाख जास्त. फरक कुठून आला तर तो बारा मिनिटांचा लांबचा प्रवास आणि जास्तीच्या उड्या.

आता गराडूची चूक. लांबच्या स्टेशनचं अंतर येताना कापावं लागत नाही. स्टेशनपासून थोडं दूर गेलं की तिथूनच पुढच्या प्रणालीत उडी मारता येते. उडी संपते ती नेहमी पुढच्या प्रणालीच्या मुख्य ताऱ्यापाशी. म्हणून लांबचं अंतर फक्त पोहोचताना लागतं. माझ्या पहिल्या मार्गात येताना नऊच मिनिटं आहेत ती म्हणून. लांबचं स्टेशन त्यामुळे आपोआप वाईट ठरत नाही, पण त्याच्या बारा मिनिटांची किंमत त्याच्या नफ्यातून निघायला हवी.

चाच्याचं नंतर लिहितो, बायको हाका मारतेय.

---

ग्वाल्हेरचा_गण्या · रविवार, सकाळी १०.०२

एवढा हिशेब कशाला? स्टॅसिस डिव्हाइस बनवा आणि विका. एक नग दीड कोटीच्या वर जातो. मी तर जहाजावर जहाज घेऊन ठेवलीत, नुसती उभी आहेत.

---

जिरावण · रविवार, सकाळी १०.१०

गण्या, ते नो मॅन्स स्काय. मी एलिटचं विचारतोय.

---

ग्वाल्हेरचा_गण्या · रविवार, सकाळी १०.११

अच्छा. तरी पण हेच करा, मजा येते.

---

सियागंजचे_काका · रविवार, दुपारी १२.३०

गण्याला हसू नका, त्याच्या खेळातही एक गोष्ट हीच आहे. एकाच ठिकाणी तोच माल ओतत गेलं की भाव पडतो. आमच्या दुकानात वडील सांगायचे, बाजारात माल नेताना घेणाऱ्याची भूक बघ.

जिरावण, तू माल विकतोस तिथे मागणीचा आकडा दिसतो तो बघतोस का? मला वाटतं तू फक्त भाव बघतोस. मी नियम केलाय की माझ्या मालाच्या चौपट तरी मागणी असली पाहिजे, नाहीतर त्या स्टेशनचं तोंड बघायचं नाही.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. १९८५ च्या सुमारास आमच्या शाळेत सरकारी योजनेत बीबीसी मायक्रो संगणक आला होता. आम्हा पोरांना आठवड्यातून एकदा, चपला बाहेर काढून, चार जणांत एक असा बसायला मिळायचा. १९८४ मधला पहिला एलिट याच मशीनसाठी लिहिला होता हे मला पंचवीस-तीस वर्षांनी कळलं. आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ तारे, त्या एवढ्याशा मेमरीत. आम्ही तिथे नुसते बेरजेचे प्रोग्राम लिहीत बसलो! अजून हळहळ वाटते.

---

लोहामंडी · रविवार, दुपारी ३.४०

काका, मागणीचं अगदी बरोबर. त्याला जोडून पुरवठाही, आणि इथेच मोठ्या जहाजाची गंमत आहे जी विकत घेताना कुणी सांगत नाही.

समजा माझ्या दुसऱ्या मार्गावर एका टोकाला विकायला १२०० टन माल आहे. टाइप-६ ला तो बारा फेऱ्या पुरेल. तीनशे टनांच्या टाइप-७ ला चारच. त्यानंतर पुरवठा खाली जातो, भाव चढतो आणि तुमचा नफा आटतो. स्टेशन ते परत भरून काढतं, पण तुमच्या त्या रात्रीत नाही. म्हणजे तिप्पट जहाज घेतलं तरी तिप्पट कमाई होत नाही. मोठं जहाज मार्ग लवकर खाऊन टाकतं, मग नवा मार्ग शोधण्यात वेळ जातो.

इनारा या बाजारभावांच्या वेबसाइटवर मार्ग शोधताना मी चारच गोष्टी भरतो. पॅडचा आकार, ताऱ्यापासून स्टेशनचं जास्तीत जास्त अंतर, कमीत कमी पुरवठा आणि मागणी, आणि दर किती जुने चालतील. शेवटचं नवे लोक सोडून देतात. तिथले भाव खेळातून आपोआप येत नाहीत. कुणीतरी खेळाडू आपल्या संगणकावर भाव पाठवणारा छोटा प्रोग्राम चालू ठेवून त्या स्टेशनवर उतरला, तेव्हा ते पाठवले गेले. चार दिवसांपूर्वी कुणी उतरलं असेल तर तुम्हाला चार दिवसांपूर्वीचा भाव दिसतो, आणि मधल्या काळात तोच भाव बघून आणखी पन्नास जण येऊन गेलेले असतात. मी एका दिवसापेक्षा जुना भाव घेत नाही.

जिरावण, तुझी चूक पॅडची वाटते, पण मुळात ती नाही. तू जहाजाची किंमत म्हणजे जहाज असं धरलंस. टाइप-७ दुकानातून येतं तेव्हा त्याचं उडीचं इंजिन सगळ्यात हलक्या दर्जाचं असतं, आणि माल भरला की उडी एवढीशी होते. त्याला पाचव्या आकाराचं ए-दर्जाचं इंजिन लागतं, तेच एकावन्न लाखांचं आहे. त्यानंतर ढाल. त्यानंतर विम्याचे पैसे, जहाज आणि त्यातल्या सामानाच्या किमतीच्या ५ टक्के. आणि मालाचा विमा नसतो, हे तुला आता कळलंच आहे. माझा हिशेब असा की पावणेदोन कोटींचं जहाज घ्यायला निदान तीन कोटी हवेत. दोन विम्यांचे आणि एका पूर्ण भरलेल्या मालाचे पैसे हाताशी नसतील तर मोठ्या जहाजात बसायचं नाही.

---

कमांडर_गराडू · रविवार, सायंकाळी ५.२२

येताना अंतर लागत नाही हे मान्य. मी कायम येताना आधी ताऱ्यापर्यंत उडत यायचो आणि मग उडी मारायचो 😐 कुणी सांगितलंच नाही. दीड वर्ष.

पण ढाल कशाला? ढाल काढली की आठ टन माल जास्त बसतो.

---

नीहारिका_इंदूर · रविवार, सायंकाळी ६.०५

आठ टनांसाठी ढाल काढू नकोस रे. स्टेशनच्या चिंचोळ्या दारातून आत शिरताना एक कोपरा घासला की समजेल.

चाच्याचं मी लिहिते, लोहामंडींची बायको अजून हाका मारत असेल. मालवाहू जहाज वळायला म्हशीसारखं असतं, त्यामुळे त्या निळ्या वर्तुळाच्या मागे लागून ते बहुतेक हरतं. झगडून हरलं की जहाज गरगरत बाहेर फेकलं जातं, मार बसतो आणि इंजिन थंड व्हायला बराच वेळ घेतं. तेवढ्यात चाचा गोळ्या घालून मोकळा. त्याऐवजी वेग शून्यावर आणून शरण जायचं. मग गरगर नाही आणि इंजिन पटकन तयार होतं. बाहेर आलात की सरळ बूस्ट मारायचा आणि दुसऱ्या प्रणालीत उडी भरायची. सुपरक्रूझमध्ये परत जायचा प्रयत्न करायचा नाही. शेजारी मोठं जहाज असेल तर त्याच्या वजनाने सुपरक्रूझला जाणं रखडतं, प्रणालीबाहेरच्या उडीला ते रखडवत नाही. म्हणून मी निघताना पुढच्या प्रणालीचं ठिकाण आधीच निवडून ठेवते. चाचा खेळाडू असेल, कॉम्प्युटरचा नसेल, तर मात्र ढाल आणि नशीब दोन्ही लागतं. मालाची रात्र असली की मी सोलोमध्येच जाते, तिथे दुसरे खेळाडू भेटतच नाहीत.

---

जिरावण · रविवार, रात्री ८.५०

ताई, मी बरोबर तेच केलं. वर्तुळाच्या मागे लागलो, हरलो, आणि मग सुपरक्रूझचंच बटण दाबत बसलो. ते का लागत नाही हेच कळेना.

लोहामंडी दादा, तीन कोटींचं वाचून पोटात गोळा आला. आता काय करू? टाइप-७ विकू का?

---

लोहामंडी · रविवार, रात्री ९.३०

विकलंस तर मूळ जहाजाच्या किमतीचे ९० टक्के परत मिळतात, म्हणजे दीड कोटीच्या थोडं वर. आत बसवलेलं सामान पूर्ण किमतीत जातं. त्यातून टाइप-६ परत घे, साडेदहा लाखांचं आहे. त्याला चौथ्या आकाराचं ए-दर्जाचं उडीचं इंजिन बसव, साधारण सोळा लाख. रॅक, ढाल सगळं धरून पस्तीस-चाळीस लाखांत काम होतं. मग एक कोटीच्या वर शिल्लक राहतात. तासाला पन्नास-साठ लाखांनी रोज दोन तास खेळलास तर दोन दिवसांत जिथे होतास तिथे येतोस, आणि या वेळी खिसा भरलेला असेल.

---

सियागंजचे_काका · रविवार, रात्री ९.४४

मी विकणार नाही. सतरा-अठरा लाखांचा तोटा डोळ्यांदेखत कशाला घ्यायचा? रिकाम्या जहाजात माहिती पोहोचवायच्या कामगिऱ्या घे. त्यात माल विकत घ्यावा लागत नाही. दोन-तीन दिवसांत भांडवल जमेल.

---

लोहामंडी · रविवार, रात्री ९.५१

काका, दुकानात पडून राहिलेला माल तुम्हीच तोट्यात काढायचात ना? दहा प्रकाशवर्षांची उडी घेऊन ते जहाज कामगिऱ्या करत हिंडेल तेव्हा मालवाहू जहाजाचा काय उपयोग झाला?

---

सियागंजचे_काका · रविवार, रात्री ९.५८

पडून राहिलेला माल काढायचो. चालत्या दुकानाची जागा विकत नव्हतो.

---

पोहे_जिलबी · रविवार, रात्री १०.१५

आणि टाइप-७ चं नावच का घेताय? ते मध्यम आकाराचं वाटतं पण मोठं पॅड मागतं, हा त्याचा जुना रोग आहे. पायथन घ्यायचं, मध्यम पॅडवर उतरतं आणि माल जवळपास तेवढाच. किंवा सध्याचं टाइप-८, तेही मध्यम पॅडचं आणि चारशेच्या आसपास टन नेतं.

---

लोहामंडी · रविवार, रात्री १०.२१

पायथन पाच कोटी सत्तर लाखांचं आहे भाऊ. तो ६० हजारांवर बसलाय.

---

पोहे_जिलबी · रविवार, रात्री १०.२३

म्हणूनच म्हणतो, टाइप-६ वर थांबून थेट टाइप-८ किंवा पायथनला जावं. मधली पायरी कुणी सांगितली?

(यावर पुढे अडतीस प्रतिसाद झाले. टाइप-७ वाले आणि पायथनवाले अजून तिथेच आहेत, वाचायचे असतील तर वेगळा धागा काढला आहे.)

---

नीहारिका_इंदूर · सोमवार, रात्री ९.१०

जिरावण, तुझ्या तिसऱ्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही. मी व्यापारी नाही, भटकी आहे, पण थकण्याचा धडा मी महाग शिकले आहे म्हणून लिहिते.

मी सॅजिटेरियस ए-स्टारला, म्हणजे आकाशगंगेच्या मधोमध असलेल्या कृष्णविवराला निघाले होते. सूर्यापासून साधारण २५,९०० प्रकाशवर्षं. माझ्या डायमंडबॅक एक्सप्लोरर जहाजाला पन्नास प्रकाशवर्षांची उडी होती, म्हणजे सव्वापाचशेच्या आसपास उड्या. एका उडीला मिनिट धरलं तरी नुसत्या उड्यांचेच आठ-नऊ तास, ग्रह तपासणं वेगळं. मी ठरवलं की एका आठवड्यात पोहोचायचं. तीच पहिली चूक.

चौथ्या रात्री साडेबारा वाजले होते. इंधन भरायचं, उडी, इंधन भरायचं, उडी. हात आपोआप चालत होता. एक उडी संपली ती जवळजवळच्या दोन ताऱ्यांच्या मधे. रोजच्या सवयीने मी वेग पूर्ण ठेवून डावीकडे वळले, आणि डावीकडेच दुसरा तारा होता. तापमानाचा आकडा चढत होता, मी बघत होते, पण बघूनही काही सुचत नव्हतं. मेंदू मागे राहिला होता. जहाज गेलं. विम्यात जहाज परत मिळतं, पण न विकलेली शोधांची माहिती परत मिळत नाही. चार रात्रींत तपासलेले सगळे ग्रह, त्यांत दोन पृथ्वीसारखे होते आणि त्यांच्यावर आधी कुणाचं नाव नव्हतं. आता कुणाचं तरी असेल.

त्यानंतर मी रडले वगैरे नाही, पण दोन महिने खेळ उघडला नाही. याला लोक बर्नआउट म्हणतात. माझ्या मते तो कंटाळा नव्हता, मी स्वतःवर रागावले होते.

परत सुरू केलं तेव्हा वेळेवर नियम लावला नाही. माझ्या बाबतीत घड्याळ काम करत नाही, "अजून दहा मिनिटं" हे कधी संपतच नाही. मी उड्या मोजते. रात्री तीस उड्या, मग कुठेतरी ग्रहावर उतरून इंजिन बंद आणि खेळ बंद. जिथे उतरले तिथूनच दुसऱ्या दिवशी निघायचं असतं, त्यामुळे सोडताना काही अर्धवट राहिल्यासारखं वाटत नाही. अर्धवट राहिलं की माणूस उठत नाही. तुझं नेमकं तेच होतंय बघ. मार्गाच्या मधे, माल पोटात असताना, कुणाला उठवेल?

तू तुझ्या फेऱ्या मोज. दुसऱ्या मार्गाच्या सात-आठ फेऱ्या म्हणजे दोन तासांच्या आत. शेवटची फेरी रिकाम्या जहाजाने स्टेशनवर संपव. माल विकलेला, नवा घेतलेला नाही.

आणि खेळात थकवा दिसतो, फक्त बघावं लागतं. मी तीन खुणा धरल्या आहेत. ठरल्या ठिकाणाच्या पुढे निघून जाऊन परत वळणं एका रात्रीत दुसऱ्यांदा झालं. उतरताना चाकं काढायची विसरले. किंवा दुकानाच्या पानावर नक्की काय करायला आले ते आठवत नाही. तुझं आणलेला माल परत विकत घेणं तिसऱ्या खुणेत बसतं. यातलं काही झालं की ती शेवटची फेरी.

दुसऱ्या वेळी पोहोचायला मला पाच आठवडे लागले. तिथल्या एक्सप्लोरर्स अँकरेज स्टेशनवर माहिती विकली तेव्हा हात थरथरत होते.

---

कमांडर_गराडू · सोमवार, रात्री ९.४०

ताई, एवढा वेळ कशाला? न्यूट्रॉन ताऱ्याच्या झोतात शिरलं की उडी चौपट होते. चार दिवसांत पोहोचली असतीस.

---

नीहारिका_इंदूर · सोमवार, रात्री ९.५२

होते चौपट, आणि दर वेळी इंजिनाला थोडी इजाही होते. दुरुस्तीचं सामान बरोबर नसेल तर अर्ध्या वाटेत बसाल. पण मुख्य म्हणजे मला चार दिवसांत पोहोचायचंच नव्हतं, हे मला नंतर कळलं.

---

लोहामंडी · सोमवार, रात्री १०.३०

नीहारिकाताई, शेवटची फेरी रिकाम्या जहाजाने संपवायची हे मी चोरतोय. आमच्या ड्रायव्हर लोकांचंही असंच असतं. बिजासन घाटाच्या अलीकडे थांबायचं की घाट उतरून, हे झोप यायच्या आधी ठरवावं लागतं. घाटात ठरवता येत नाही.

एक भर घालतो. तासाला साठ लाखांचा मार्ग रोज फिरून माझा जीव विटला. आता आठवड्यात दोन रात्री मुद्दाम तो २७ मिनिटांचा मार्ग घेतो. बारा मिनिटं जहाज आपणहून चालतं, सुपरक्रूझ असिस्ट लावलेलं असतं. मी चहा ठेवतो, मुलीची वही तपासतो. पैसे कमी मिळतात. वरच्या माझ्याच हिशेबाच्या विरुद्ध आहे हे, माहीत आहे.

---

जिरावण · शुक्रवार, रात्री ११.०५

सगळ्यांचे आभार. काय केलं ते सांगतो.

काकांचं ऐकून दोन दिवस माहितीच्या कामगिऱ्या केल्या. टाइप-७ घेऊन. सहा-सहा उड्यांत जिथे एक व्हायला पाहिजे होती! दुसऱ्या रात्री शिपयार्डात गेलो आणि विकून टाकलं. काका, माफ करा.

टाइप-६ घेतलं, इंजिन ए-दर्जाचं. इनारावर दादांसारख्या चार गोष्टी भरल्या आणि एक उडीचा मार्ग मिळाला. टनामागे दोन्ही बाजूंचे मिळून तेरा हजार. मोबाईलवर घड्याळ लावलं. कागदावर फेरी चौदा मिनिटांची होती, माझी पहिली एकोणीसची झाली. कुठे गेली पाच मिनिटं म्हणून बघत बसलो, तर स्टेशनजवळ येताना मी फार लवकर वेग कमी करतो. उरलेला वेळ सात सेकंदांवर आला की वेग निळ्या पट्ट्यात आणायचा, हे मी वाचलं होतं, पण भीतीने वीस सेकंदांपासूनच हळू व्हायचो. आता पंधरा मिनिटं.

काल सहा फेऱ्या ठरवल्या आणि सहाव्या फेरीला माल विकून उठलो. पावणेबारा वाजले होते. इतक्या लवकर काय करायचं कळेना म्हणून भावाला घेऊन सराफ्यात गेलो. परवा मात्र सहाच्या नऊ झाल्या, ते सांगून टाकतो.

एक प्रश्न राहिला. पाचव्या फेरीनंतर माझ्या मालाचा खरेदीभाव टनामागे सहाशेने वाढला. पुरवठा तर अजून आठशे टन दाखवतोय. इतक्यात आटलं म्हणायचं, की आणखी कुणी तोच मार्ग चालवतंय?

---

लोहामंडी · शुक्रवार, रात्री ११.२०

दोन्ही शक्य आहे. सुरुवातीला पुरवठा किती होता ते लिहून ठेवलंस का? तो आकडा आणि तू स्वतः उचललेले टन यांत फरक असेल तर कुणीतरी आहे. नसेल लिहिला तर उद्या लिही.

---

कमांडर_गराडू · शुक्रवार, रात्री ११.३४

तुम्ही लोक उगाच फेऱ्या मारताय. माझ्या मित्राने सांगितलं, अल्फा सेंटॉरीत हटन ऑर्बिटल नावाचं स्टेशन आहे, तिथे जो पोहोचेल त्याला अ‍ॅनाकोंडा फुकट मिळतं. पावणेपंधरा कोटींचं जहाज! कुणी गेलंय का?

---

नीहारिका_इंदूर · शुक्रवार, रात्री ११.३६

मी गेले आहे. आवर्जून जा.

---

लोहामंडी · शुक्रवार, रात्री ११.३७

हो हो, नक्की जा. निघताना चहा करून घे.

---

सियागंजचे_काका · शुक्रवार, रात्री ११.४१

अरे, पोराला कशाला...

---

कमांडर_गराडू · शनिवार, रात्री १२.५५

निघालोय. स्टेशन ताऱ्यापासून ६७ लाख प्रकाशसेकंदांच्या वर दाखवतंय, थोडं लांब आहे. अजून पन्नास मिनिटं. पोहोचल्यावर अ‍ॅनाकोंडा शिपयार्डात दिसतं की कामगिऱ्यांच्या पानावर?